पर्यायांच्या स्लाइडवरून सहीच्या नोटपर्यंत

न्हावा शेव्याला कंटेनर जहाजावरून उतरला की त्याचे घड्याळ चालू होते. बंदरातून थेट माल उचलण्याची सोय, म्हणजे डीपीडी, घेतलेल्या आयातदाराने ४८ तासांत कंटेनर टर्मिनलच्या गेटबाहेर नेला नाही, तर तो ठरलेल्या सीएफएसमध्ये हलवला जातो आणि हाताळणी, ने-आण, ग्राउंड रेंट असे एकेक बिल चढू लागते. शिपिंग लाइनने दिलेले मोकळे दिवस संपले की डिटेन्शन वेगळे. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदराभोवती, उरण, द्रोणागिरी, पनवेलपासून थेट पुण्या-नाशिकच्या कारखान्यांपर्यंत, हजारो माणसे याच घड्याळाकडे बघत काम करतात. त्यांना वरिष्ठांकडून निर्णय वेळेत हवे असतात आणि ते मागायला आता बहुतेक ठिकाणी पीपीटी केली जाते.

पीपीटीचा शेवट सगळीकडे साधारण सारखाच असतो. शेवटून दुसरी स्लाइड पर्यायांची: तीन रकाने, अ, ब, क, खाली खर्च, दिवस, जोखीम. शेवटची मागणीची: ‘व्यवस्थापनाकडून अपेक्षा’. बैठक चांगली होते, माना डोलतात आणि साहेब उठता उठता म्हणतात, “ठीक आहे, एक नोट पाठवून द्या, सही करतो.” ही पुस्तिका त्या नोटबद्दल आहे. बैठकीत पटलेला प्रस्ताव कागदावर आल्यावर अडकतो, तीन शंका लावून परत येतो किंवा सही होऊनही त्यावर कामच सुरू करता येत नाही, असे वारंवार घडते. हे का होते आणि नोट कशी लिहिली तर होत नाही, एवढाच तिचा विषय.

पहिली गोष्ट म्हणजे नोट लिहिणारा बहुधा त्या दोन स्लाइड्स उतरवून काढतो. तक्त्याची वाक्ये करतो, मागणीची स्लाइड खाली जोडतो. पण पर्यायांच्या स्लाइडचा गुण हाच की ती कोणाची बाजू घेत नाही. तीन रकाने सारख्या रुंदीचे, प्रत्येकात चार-चार ओळी. ‘ब’ चांगला का, हे त्या स्लाइडवर नव्हतेच, ते बोलणाऱ्याच्या तोंडात होते. “पावसाळ्यात मात्र हे जड जाईल” हेही तो बोललाच होता, लिहिले नव्हते. मागणीची स्लाइड तर थेट मागणीवरच उडी मारते. दोन्हींच्या मध्ये एक ‘म्हणून’ असतो, तो खोलीतल्या बोलण्यात विरून जातो. नोट वाचणारा माणूस एकटा वाचतो, कदाचित आठवड्याने वाचतो आणि फायनान्समधला दुसरा सही करणारा तर बैठकीला नसतोच. त्या ‘म्हणून’च्या जागी काय होते ते त्याला शोधावे लागते आणि सापडले नाही की तो शंका लावतो. त्याचे काही चुकत नाही.

आपल्याकडच्या सरकारी टिपणीला लोक नावे ठेवतात, पण तिची मांडणी या बाबतीत शहाणी आहे. विषय, पार्श्वभूमी, नियम काय सांगतो, आधी असे प्रकरण कसे हाताळले, आणि मग ‘सबब’ या शब्दानंतर नेमका प्रस्ताव, ‘मान्यतेस्तव सादर’. टिपणी लिहिणारा समोर बसून समजावणार नाही, हे तिने सुरुवातीपासून गृहीत धरलेले असते. तिचा दोष एवढाच की मुद्द्याची गोष्ट चौथ्या पानावर येते. आपल्याला ‘सबब’नंतरचा भाग वर आणायचा आहे आणि आधीचा भाग गाळायचा नाही.

स्लाइड महत्त्वाची गोष्ट किती खाली गाडू शकते, याचा सर्वांत दारुण दाखला बंदराच्या जगातला नाही. फेब्रुवारी २००३मध्ये कोलंबिया अवकाशयान परतीच्या वाटेवर नष्ट झाले. त्यात आपली कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि यान वर असतानाच अभियंत्यांनी त्याबद्दल स्लाइड्स सादर केल्या होत्या. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. सर्वांत खालच्या ओळीत मात्र लिहिले होते की आदळलेला तुकडा १,९२० घन इंचांचा होता आणि चाचण्यांमधला ३ घन इंचांचा. म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर शीर्षक उभे होते, त्या इथे लागूच पडत नव्हत्या. चौकशी मंडळाने अहवालात ती स्लाइड छापली आणि म्हटले की ती वाचून एखाद्या वरिष्ठाला प्रश्न जिवावर बेतणारा आहे हे लक्षात आले नसते, तर ते समजण्यासारखे आहे. आपल्या नोटांवर कोणाचा जीव अवलंबून नसतो. पण सर्वांत खालच्या ओळीत काय आहे हे आधी वाचायचे, ही सवय तिथूनच घ्यावी.

आता एक प्रकरण सविस्तर पाहू. कंपनी आणि आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. दर लाइनप्रमाणे, हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा ते कोणी जसेच्या तसे वापरू नयेत. चाकणचा एक कारखाना महिन्याला ४० फुटी ६० कंटेनर आणतो, साधारण तीन जहाजांवर वीस-वीस. सगळे सीएफएसमधून येतात. लॉजिस्टिक्सच्या माणसांनी पर्यायांची स्लाइड केली. अ: आहे तसेच चालू ठेवणे, कंटेनरमागे ५२,००० रुपये. ब: डीपीडीने टर्मिनलमधून थेट कारखान्यात, ३६,०००. क: डीपीडीनेच उचलायचे, पण उरणजवळच्या भाड्याच्या यार्डात उतरवून कारखान्याच्या सोयीने न्यायचे, ४६,०००. मागणीची स्लाइड म्हणते: ‘पर्याय ब स्वीकारण्यास तत्त्वतः मान्यता आणि सर्व विभागांचे सहकार्य अपेक्षित. बचत: महिना ९.६ लाख.’

साठ गुणिले सोळा हजार, हिशेब बरोबर आहे. पण नोट लिहिणाऱ्याने इथे थांबून विचारायचे: ३६,००० हा आकडा खरा ठरायला काय काय घडावे लागेल? स्लाइडवर तळटीप होती, बारीक अक्षरात: ‘कारखान्यात विनाविलंब उतरवणी गृहीत.’ हीच ती सर्वांत खालची ओळ. डॉकवर विचारले तर कळते की दिवसाला चार कंटेनर रिकामे होतात. जहाज वीस उतरवणार आणि डीपीडीच्या घड्याळामुळे ते दोन दिवसांत, रोज दहा असे चाकणला पोचणार. पहिल्या रात्री सहा ट्रेलर फाटकाबाहेर उभे, दुसऱ्या रात्री बारा, मग आठ, मग चार. तीस ट्रेलर-रात्री. एका रात्रीचे थांबण्याचे तीन हजार धरले तर जहाजामागे नव्वद हजार, कंटेनरमागे साडेचार हजार. ‘ब’ ३६,००० नसून ४०,५०० आहे आणि बचत ९.६ लाख नसून ६.९ लाख. तरीही ब सर्वांत स्वस्तच. निर्णय बदलला नाही, पण आता त्याच्यामागे खरा आकडा आहे.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. पावसाळ्यात किंवा आधीच्या बंदरात रखडल्याने दोन जहाजे एकाच दिवशी लागतात. न्हावा शेव्यात काम केलेल्या कोणालाही ही गोष्ट नवी नाही. मग चाळीस कंटेनर दोन दिवसांत येतात आणि उतरवणी तीच, चारची. वरच्या पद्धतीने रात्री मोजल्या तर त्या १६० भरतात, कंटेनरमागे बारा हजार. आता ब ४८,००० झाला आणि क ४६,०००च राहिला. क्रम उलटला. नोटमध्ये लिहिण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट ही: शिफारस कोणत्या परिस्थितीत उलटते. पर्यायांच्या स्लाइडवर ती कधीच नसते, कारण तिथे प्रत्येक पर्यायाला एकच आकडा मिळतो.

बैठकीत जी चिंता सर्वांत मोठ्या आवाजात मांडली गेली ती मात्र वेगळीच होती: ४८ तास हुकले तर? कंटेनर तपासणीसाठी निवडला गेला, कागदात चूक निघाली, ड्यूटी भरायला उशीर झाला, तर तो शेवटी सीएफएसमध्ये जाणार आणि वर रद्द झालेल्या ट्रेलरचे सहा हजार पडणार, म्हणजे ५८,०००. भीती खोटी नाही. पण तिचेही गणित मांडावे. हुकला नाही तर अ-पेक्षा साडेअकरा हजार वाचतात, हुकला तर सहा हजार जास्त जातात. म्हणजे तीनांतले जवळजवळ दोन कंटेनर हुकले, तरच ब आणि अ सारखे होतील. इतके हुकत असतील तर अडचण पर्यायात नसून कागदपत्रांच्या कामात आहे, आणि क-मध्येही उचल डीपीडीनेच असल्याने हा धोका दोघांना सारखाच. तेव्हा ही चिंता नोटमध्ये दोन वाक्यांत यावी, तिचा आकडा द्यावा आणि तिच्यामुळे निवड बदलत नाही असे स्पष्ट म्हणावे. डॉकची बाब बैठकीत कोणी उच्चारलीही नव्हती. तिला मात्र पूर्ण परिच्छेद. कोणती शंका निर्णय हलवते आणि कोणती नुसतीच बोचते, हे वेगळे करणे हा नोट लिहिणाऱ्याच्या कामाचा गाभा आहे, असे मला ठामपणे वाटते. नोटमध्ये शंकांना जागा आवाजाच्या प्रमाणात दिली, तर सही करणारा चुकीच्या गोष्टीची काळजी करत बसतो.

मग मागणी. ‘तत्त्वतः मान्यता’ आणि ‘सहकार्य’ यांवर सही झाली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी काय करायचे? मी मागणीची ओळ तपासताना एवढेच विचारतो: सही झाली आणि नोट लिहिणारा महिनाभर रजेवर गेला, तर काम सुरू होईल का? या मागणीवर होणार नाही. म्हणून पर्यायांच्या हिशेबातून खऱ्या मागण्या बाहेर काढाव्या लागतात. इथे त्या तीन निघतात. या कंपनीत आयातीची ड्यूटी आठवड्याच्या ठरलेल्या पेमेंटच्या दिवशी भरली जाते. ४८ तासांत ते बसणार नाही, तेव्हा आयात प्रमुखाला त्या दिवसाची वाट न पाहता ड्यूटी भरण्याचा अधिकार हवा. डॉकवर संध्याकाळची दुसरी पाळी हवी: दिवसाला आठ उतरले तर जहाजामागच्या तीस रात्रींच्या सहा होतात आणि महिन्याला २.१६ लाख वाचतात, म्हणून पाळीचा खर्च त्याहून कमी असेल तोवरच ती परवडते. आणि दोन जहाजे एकत्र लागली तर जादा कंटेनर उतरवायला यार्डाशी दरकरार हवा, वापरला तरच पैसे, अशा अटीवर.

मूळ मागणीत यातले एकही नव्हते. लॉजिस्टिक्सच्या लोकांनी ते लपवले होते असे नाही. पहिली गोष्ट फायनान्सची, दुसरी उत्पादन विभागाची. दुसऱ्याच्या घरातले मागायचे म्हणून ‘सहकार्य अपेक्षित’ असा मऊ शब्द आला. मऊ शब्द दिसला की त्याच्या मागे कोणाच्या टेबलावरचे काय मागायचे राहून गेले आहे ते शोधावे. बहुतेक वेळा नोट अडते ती तिथेच.

असे केल्यावर नोटची सुरुवात साधारण अशी होते:

“शिफारस: आयात कंटेनर सीएफएसऐवजी डीपीडीने थेट चाकणला आणावेत (पर्याय ब). दोन जहाजे ४८ तासांच्या आत लागली तर दुसऱ्या जहाजाचे कंटेनर उरणच्या यार्डात उतरवावेत (पर्याय क-चा तेवढाच भाग). एरवीच्या महिन्यात अंदाजे बचत ६.९ लाख, हा आकडा दिवसाला चार कंटेनर उतरवणी धरून आहे. यासाठी मान्यता हवी: १) आयात प्रमुखांना ड्यूटी ठरलेल्या दिवसाबाहेर भरण्याचा अधिकार, २) डॉकवर दुसरी पाळी, महिना २ लाखांच्या मर्यादेत, ३) यार्डाशी वापरानुसार दरकरार. कंटेनरमागे सरासरी खर्च सलग दोन महिने ४६,०००च्या वर गेल्यास आयात प्रमुख पर्याय क लागू करतील व तसे कळवतील.”

इतके पहिल्या अर्ध्या पानात. पुढे का, अ का नको, क सर्वस्वी का नको, कोणते आकडे कुठून घेतले आणि कोणाचे म्हणणे वेगळे आहे. पर्यायांचा तक्ता जोडपत्रात जाईल, पण दुरुस्त आकड्यांसह. जुनी स्लाइड जोडली तर ९.६ आणि ६.९ दोन्ही आकडे एका फाइलीत राहतात आणि सहा महिन्यांनी ऑडिटवाला त्यांतला मोठा उचलतो.

शिफारस ब-ची आहे की ब आणि क यांच्या मिश्रणाची, हा प्रश्न इथे रास्त आहे. तक्त्यात नसलेला चौथा पर्याय नोटमध्ये गुपचूप घुसवणे चूक. बैठकीत ज्यावर चर्चा झाली नाही त्यावर सही मागितल्यासारखे होते. पण नेहमीसाठी ब आणि नेमक्या एका परिस्थितीत क, ही अट घातलेली शिफारस आहे. ती तशीच, अट उघडी ठेवून लिहावी आणि बैठकीनंतर ही अट का आली ते एका वाक्यात सांगावे. काही जण दोन्ही पर्याय ‘खुले ठेवून’ शिफारस करतात. ती शिफारस नव्हे. वाचणाऱ्याला पुन्हा रकाने देणे झाले.

वेगळे मत असलेल्यांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. या प्रकरणात उत्पादन विभागाचा दुसऱ्या पाळीला विरोध असू शकतो: माणसे मिळत नाहीत, रात्री उतरवताना माल खराब होतो. नोटमध्ये तो विरोध त्यांच्या शब्दांत, त्यांच्या पदासह यावा आणि पाठवण्याआधी त्यांना तो परिच्छेद दाखवावा. ‘सर्व संबंधितांशी चर्चा झाली’ हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला उलटाच संशय येतो. विरोध नोंदवलेल्या नोटवर सही लवकर होते, कारण सही करणाऱ्याला तो दुसरीकडून कळण्याची भीती उरत नाही. उत्पादनवाले अगदीच राजी नसतील तर शिफारस कोलमडते का, हेही नोटने सांगायला हवे. इथे कोलमडत नाही. पाळीशिवायही ब ४०,५००ला पडतो आणि म्हणूनच ती मागणी क्रमांक २ आहे, क्रमांक १ नाही. क्रमांक १ नाकारली गेली तर मात्र ४८ तासांचे गणितच बसत नाही. कोणती मागणी नाकारली तर काय उरते, हे वाचणाऱ्याला स्वतः शोधायला लावू नये.

कागदपत्रांची बाजूही हिशेबात धरावी. २०२१च्या दुरुस्तीनंतर बिल ऑफ एंट्री जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे लागते आणि उशिरा भरल्यास विलंब शुल्क लागते, पहिले तीन दिवस रोज पाच हजार, पुढे रोज दहा हजार. त्यामुळे ‘डीपीडीसाठी आगाऊ बिल ऑफ एंट्रीचा जादा त्रास’ अशी ओळ पर्याय ब-च्या तोट्यांत दिसली तर ती काढून टाकावी. तो त्रास अ-लाही आहेच. जो तोटा सगळ्या पर्यायांना सारखा आहे तो तुलनेत येत नाही. पर्यायांच्या स्लाइडवर अशा ओळी फार असतात, कारण रकाना भरायचा असतो.

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. ट्रेलरची एक रात्र तीन हजारांची धरली, ती गणेशोत्सवाच्या दिवसांत किंवा घाटात कोंडी असताना तेवढ्यात मिळेलच असे नाही. दोन जहाजे वर्षातून कितीदा एकत्र लागतात ते मागच्या दोन-तीन वर्षांच्या आगमनाच्या नोंदींवरून मोजायचे असते. ते मोजले नसेल तर नोटने अंदाजाला अंदाजच म्हणावे. आणि काही निर्णय असे असतात की त्यांत आकड्यांनी क्रम लागतच नाही, उदाहरणार्थ कोणत्या टर्मिनलच्या लाइनवर सगळा माल टाकायचा, जिथे एका लाइनच्या भरवशावर राहण्याची भीती हाच मुख्य मुद्दा असतो. तिथे नोट वेगळी लागते; पुस्तिकेच्या शेवटच्या भागात ती आहे.

पुढच्या प्रकरणांत हेच काम चार निरनिराळ्या पीपीटींवर करून दाखवले आहे: एक रिकाम्या कंटेनरच्या परतीची, एक रीफर कंटेनरच्या प्लग पॉइंटची, एक कस्टम्स ब्रोकर बदलण्याची आणि एक गोदाम भाड्याने घेण्याची. प्रत्येक ठिकाणी आधी दोन स्लाइड्स आहेत तशा दिल्या आहेत, मग नोटचा पहिला खर्डा, मग सही होण्याजोगा खर्डा. वाचणाऱ्याने पहिल्या खर्ड्यापाशी पुस्तक मिटून आपली नोट लिहावी आणि मग पान उलटावे. स्वतःची नोट तपासताना आधी तळटिपा वाचाव्यात, मग मागणीतले मऊ शब्द अधोरेखित करावेत आणि सरतेशेवटी बेरजा पुन्हा कराव्यात. सही करणाऱ्याने एक चुकलेली बेरीज पकडली की तो उरलेले सगळे आकडे पुन्हा मागतो, आणि तोवर पुढचे जहाज धक्क्याला लागलेले असते.